मॅट्रिक्सचा गुणाकार समोरासमोरचे आकडे गुणून का करत नाहीत?

प्रश्न: सर, मॅट्रिक्सची बेरीज करताना समोरासमोरचे आकडे मिळवतो, मग गुणाकारात तसंच का नाही करत? एकाची रो आडवी आणि दुसऱ्याचा कॉलम उभा घेऊन गुणायचं आणि परत बेरीज करायची, हे कुणी आणि का ठरवलं? पद्धत पाठ आहे, गणितं येतात, पण पटत नाही.

उत्तर:

पटत नाही यात तुझी काही चूक नाही, कारण पहिल्या वर्षाला हा नियम आकाशातून पडल्यासारखा येतो. आधी व्याख्या, मग दहा गणितं, आणि तो नियम आला कुठून हे कळतं लिनिअर ट्रान्सफॉर्मेशन शिकताना, म्हणजे कधीकधी पुढच्या सेमिस्टरला. तोपर्यंत बोटांना सवय झालेली असते आणि प्रश्न विचारायचा राहून जातो.

थोडक्यात सांगायचं तर हा नियम कुणी बसून ठरवलेलाच नाही, तो निघतो. समीकरणांच्या एका जोडीत दुसरी जोडी घातली की जे कोइफिशंट्स मिळतात ते चौकटीत लिहून काढायचे, तोच मॅट्रिक्सचा गुणाकार. हे मी नुसतं म्हणून तुला पटणार नाही, म्हणून एक उदाहरण पूर्ण करू. पेन घे, कारण नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

समज x1, x2 पासून y1, y2 असे मिळतात:

```
y1 =  x1 + 2x2
y2 = 3x1 -  x2
```

आणि मग या y1, y2 पासून z1, z2 असे मिळतात:

```
z1 = 4y1 + 5y2
z2 = 2y1 -  y2
```

आता मला y मध्ये काही इंटरेस्ट नाही, मला x दिले की थेट z पाहिजेत. तर काय करणार? शाळेत आठवी-नववीत करायचो तेच, y च्या जागी त्याची किंमत घालायची. z1 मध्ये घालू: 4(x1 + 2x2) + 5(3x1 - x2). इथे कंस घाईघाईत सोडवू नकोस, x1 चा कोइफिशंट कसा तयार होतोय ते बघ. पहिल्या कंसातून 4 गुणिले 1 आला, दुसऱ्या कंसातून 5 गुणिले 3 आला, दोन्ही x1 लाच चिकटलेत म्हणून त्यांची बेरीज झाली, 4 + 15 = 19. x2 चं पण तसंच, पहिल्या कंसातून 4 गुणिले 2 आणि दुसऱ्यातून 5 गुणिले -1, म्हणजे 8 - 5 = 3. z2 तू स्वतः कर, -x1 + 5x2 यायला पाहिजे.

```
z1 = 19x1 + 3x2
z2 = -x1  + 5x2
```

आता हे सगळे व्हेरिएबल्स पुसून टाक आणि फक्त कोइफिशंट्स ठेव. y पासून z ला नेणारी चौकट A म्हणू, x पासून y ला नेणारी B म्हणू:

```
A = [4  5]    B = [1  2]    x ते z = [19  3]
    [2 -1]        [3 -1]             [-1  5]
```

तिसऱ्या चौकटीतला तो 19 बघ. 4 आणि 5 कुठून आले? A च्या पहिल्या रो मधून, कारण z1 चं समीकरण तिथे लिहिलंय. 1 आणि 3 कुठून आले? B च्या पहिल्या कॉलममधून, कारण x1 चे कोइफिशंट्स एकाखाली एक तिथे उभे आहेत. म्हणजे रो गुणिले कॉलम हे आपण केलंच नाही, आपण फक्त y च्या जागी किंमत घातली, आणि रो गुणिले कॉलम आपोआप झालं. x1 पासून z1 ला पोचायचे दोनच रस्ते आहेत, एक y1 वरून आणि एक y2 वरून, प्रत्येक रस्त्यावर दोन टप्पे, म्हणून टप्प्यांचा गुणाकार, आणि रस्ते दोन म्हणून त्यांची बेरीज. तुला जी आडवं-उभं कसरत वाटते ना, त्यातला गुणाकार म्हणजे एका रस्त्यावरचे दोन टप्पे आणि बेरीज म्हणजे वेगवेगळे रस्ते, एवढंच आहे ते. मध्ये तीन y असते तर रस्ते तीन झाले असते आणि बेरजेत तीन टर्म्स आल्या असत्या.

याच चित्रातून साइझचा नियमही कळतो, तो वेगळा पाठ करावा लागत नाही. समज x तीन आहेत, y दोन आणि z चार. मग B होईल 2×3 आणि A होईल 4×2, आणि गुणाकार 4×3. मधले दोन आकडे सारखेच असायला पाहिजेत कारण ती y ची संख्या आहे, B जेवढे y बाहेर टाकतो तेवढेच A आत घेणार, एक कमी-जास्त झाला तर किंमत घालायची कुठे? आणि उत्तरात तो मधला 2 दिसत नाही कारण y आपण पुसून टाकलेत.

आता तुझ्या मूळ शंकेकडे येतो, समोरासमोर गुणलं तर काय बिघडतं. वरच्याच A आणि B चं समोरासमोर गुणून बघ, पहिल्या रो मध्ये 4 आणि 10 येतात, दुसऱ्या रो मध्ये 6 आणि 1. आता x1 = 1, x2 = 1 घाल. y1 = 3, y2 = 2 येतात, त्यावरून z1 = 12 + 10 = 22 आणि z2 = 6 - 2 = 4. आपल्या चौकटीतून 19 + 3 = 22 आणि -1 + 5 = 4, जुळलं. समोरासमोरच्या चौकटीतून 14 आणि 7 येतात, ज्याचा या समीकरणांशी काहीएक संबंध नाही.

यावर हुशार मुलं म्हणतात की ठीक आहे, तुम्हाला समीकरणात समीकरण घालायचं होतं म्हणून तुमचा नियम जुळला, पण मला तसं घालायचंच नसेल तर? बरोबर आहे, म्हणून जरा चित्रात बघू. प्रतलातला प्रत्येक बिंदू मूळबिंदूभोवती 90 अंशांनी डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवायचा असेल तर त्याची मॅट्रिक्स आहे

```
R = [0 -1]
    [1  0]
```

तपासून घे, (1, 0) हा (0, 1) वर जातो आणि (0, 1) हा (-1, 0) वर. आता दोनदा फिरव. 90 आणि 90 मिळून 180, म्हणजे प्रत्येक बिंदू बरोबर समोरच्या बाजूला, (x, y) चा (-x, -y) झाला पाहिजे, यात वादाला जागाच नाही. रो-कॉलमने R गुणिले R केलंस तर कर्णावर -1, -1 आणि बाकी शून्य, अगदी तेच येतं. आणि समोरासमोर गुणलंस तर 0 चा वर्ग 0, -1 चा वर्ग 1, 1 चा वर्ग 1, म्हणजे

```
[0  1]
[1  0]
```

ही मॅट्रिक्स करते काय तर (x, y) चा (y, x) करते, म्हणजे y = x या रेषेत आरसा ठेवल्यासारखं प्रतिबिंब. आता सांग, दोनदा फिरवल्यावर आकृती आरशात कशी जाईल? कागदावर F अक्षर काढ आणि कागद कितीही फिरव, ते कधीच आरशातल्यासारखं उलटं F होणार नाही. समोरासमोरच्या गुणाकाराला आपण काय फिरवतोय याचा पत्ताच नाही, तो फक्त आकड्यांकडे बघतो.

अजून एक गंमत त्यातलीच. कुठल्याही गुणाकारात "1" सारखं काहीतरी लागतं, ज्याने गुणलं तर काही बदलत नाही. समोरासमोरच्या गुणाकारात ती जागा कुणाला मिळेल? सगळीकडे 1 लिहिलेल्या मॅट्रिक्सला. आणि ती मॅट्रिक्स (x, y) ला (x+y, x+y) वर नेते, म्हणजे सगळं प्रतल चेपून एका रेषेवर आणून बसवते! काहीच न बदलणारी म्हणून जिला मान द्यायचा ती अख्खं प्रतल सपाट करते. याउलट कर्णावर 1 आणि बाकी शून्य असलेली I, जी (x, y) ला खरंच (x, y) वरच ठेवते, ती रो-कॉलमच्या नियमात "1" चं काम करते. हे मी पहिल्यांदा लक्षात घेतलं तेव्हा शिकवायला लागून तीन-चार वर्षं झाली होती, त्याआधी मीसुद्धा "I ही आयडेंटिटी आहे" एवढंच फळ्यावर लिहून पुढे जायचो.

बरं, मॅट्रिक्सकडे बघायची एक सवय आत्तापासूनच लाव, पुढे फार कामाला येते. मॅट्रिक्सचा पहिला कॉलम म्हणजे (1, 0) कुठे जाऊन पडतो ते, दुसरा कॉलम म्हणजे (0, 1) कुठे जातो ते. बस, एवढीच माहिती मॅट्रिक्समध्ये असते, बाकी सगळे बिंदू या दोघांपासून बनतात म्हणून त्यांचं वेगळं सांगावं लागत नाही. मग AB चा पहिला कॉलम काय असेल? (1, 0) वर आधी B चालवला, तो B च्या पहिल्या कॉलमवर गेला, म्हणजे आपल्या उदाहरणात (1, 3) वर, आता त्यावर A चालवायचा, म्हणजे A च्या पहिल्या कॉलमचं एक माप आणि दुसऱ्या कॉलमची तीन मापं, (4, 2) आणि तीन वेळा (5, -1), म्हणजे (4+15, 2-3) = (19, -1). हा बघ AB चा पहिला कॉलम. मी स्वतः हाताने गुणाकार करतो तो असाच करतो, कॉलम-कॉलमने, कारण त्यात काय चाललंय ते दिसत राहतं.

या नजरेने कोनांची सूत्रं फुकटात मिळतात. α कोनाने फिरवलं की (1, 0) जातो (cos α, sin α) वर आणि (0, 1) जातो (-sin α, cos α) वर, हे दोन कॉलम. आता आधी β ने फिरव, मग α ने, एकूण झालं α + β. दोन मॅट्रिसेस रो-कॉलमने गुण, डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात येतं cos α cos β - sin α sin β, आणि तिथे असायला हवं होतं cos(α+β). अकरावीत जे सूत्र घोकून घोकून पाठ केलंस ते हेच. आणि समोरासमोर गुणलं असतंस तर त्या कोपऱ्यात नुसतं cos α cos β आलं असतं, जे चूक आहे हे अकरावीतल्या मुलालाही माहीत असतं.

आता "कुणी ठरवलं" हा प्रश्न. गाऊसने १८०१ सालच्या आपल्या संख्या सिद्धांतावरच्या ग्रंथात व्हेरिएबल्सच्या जागी दुसरी व्हेरिएबल्स घालायचं, आणि असं लागोपाठ दोनदा केलं तर एकत्र कोइफिशंट्स काय येतात, हे करून ठेवलं होतं, फक्त त्याला मॅट्रिक्स हे नाव नव्हतं. मॅट्रिक्स हा शब्द सिल्व्हेस्टरने १८५० मध्ये वापरला. आणि त्याचा मित्र आर्थर केली, त्याने १८५८ च्या लेखात या चौकटींना स्वतंत्र वस्तू मानून त्यांची बेरीज, गुणाकार, इन्व्हर्स असं रीतसर मांडलं. म्हणजे क्रम बघ, आधी एकात एक समीकरणं घालायचं काम चालू होतं, आणि ते लिहून लिहून हात दुखायला लागल्यावर चौकट आली. पुस्तकात तुला आधी चौकट भेटते आणि समीकरणं मागून, म्हणून सगळं उलटं वाटतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, कारण बरेच जण उत्साहात "हा नियम असाच असू शकतो, दुसरा नाहीच" असं सांगून टाकतात. नियमातला "मधल्या y वरून जाणाऱ्या रस्त्यांची बेरीज" हा भाग बदलता येत नाही. पण "पहिल्याची रो, दुसऱ्याचा कॉलम" हा भाग आपल्या लिहिण्याच्या पद्धतीतून आलाय. आपण एक समीकरण एका आडव्या ओळीत लिहितो आणि व्हेक्टर उभा लिहून मॅट्रिक्सच्या उजवीकडे ठेवतो, म्हणून तसं. कॉम्प्युटर ग्राफिक्सची काही पुस्तकं व्हेक्टर आडवा लिहून डावीकडे ठेवतात, तिथे मॅट्रिसेस ट्रान्सपोज झालेल्या दिसतात आणि त्यांचा क्रमही उलटा लागतो, गणित तेच असतं. दोन पुस्तकांतून अर्धं-अर्धं उचललं की गोंधळ होतो तो इथेच, तेव्हा नवीन पुस्तक उघडलं की आधी व्हेक्टर आडवा आहे की उभा ते बघत जा.

मग कुणी म्हणेल की रो गुणिले रो का नको, दोन्ही आडवेच घेऊ, डोळ्यांना सोपं जाईल. डिटर्मिनंटच्या गुणाकारात हे खरंच चालतं, रो-रो घ्या नाहीतर रो-कॉलम, चौकट वेगळी येते पण डिटर्मिनंटची किंमत तीच येते, कारण मॅट्रिक्स ट्रान्सपोज केल्याने डिटर्मिनंट बदलत नाही. पण मॅट्रिक्ससाठी हे मोडतं. रो-रो गुणाकार म्हणजे दुसरीला ट्रान्सपोज करून नेहमीसारखं गुणणं, A·Bᵀ. आता तीन मॅट्रिसेस घे. आधी A आणि B, मग C असं केलं तर येतं A Bᵀ Cᵀ, आणि आधी B आणि C करून मग त्यांना A बरोबर गुणलं तर येतं A C Bᵀ. दोन्ही एक नाहीत. म्हणजे A, B, C चा गुणाकार असं म्हणताच येणार नाही, प्रत्येक वेळी कंस कुठे ते सांगावं लागेल, A³ लिहायचीही सोय राहणार नाही.

रो-कॉलमच्या नियमात हा कंसाचा त्रास नाही, (AB)C आणि A(BC) एकच. पुस्तकात याची सिद्धता दोन-दोन सिग्मा लावून अर्धं पान चालते आणि मुलं ती रट्टा मारतात. खरं तर बघायचं एवढंच की तिन्ही मॅट्रिसेस म्हणजे एकामागून एक करायच्या तीन क्रिया आहेत, आधी C, मग B, मग A. कंस कुठेही घाला, बिंदूला त्याच तीन क्रियांतून त्याच क्रमाने जायचंय, उत्तर वेगळं येईल कसं? सिग्मावाली सिद्धता चूक नाही, परीक्षेत तीच लिही, पण ती खरी का आहे ते हे आहे.

कंस हलवता येतो याचा प्रत्यक्षात फार उपयोग होतो. समज A आणि B दोन्ही 1000×1000 आहेत आणि v हा एक व्हेक्टर, तुला ABv पाहिजे. आधी AB केलंस तर साध्या पद्धतीने १०० कोटी गुणाकार, कारण दहा लाख जागा आणि प्रत्येक जागेला १००० गुणाकार. त्याऐवजी आधी Bv केलंस तर दहा लाख, मग त्यावर A, अजून दहा लाख, एकूण वीस लाखात काम झालं. उत्तर तेच. प्रोजेक्टमध्ये कुणाचा प्रोग्रॅम रेंगाळायला लागला की मी पहिल्यांदा कंस कुठे आहेत ते बघतो.

क्रमाबद्दल आता. AB म्हणजे आधी B, मग A, उजवीकडून डावीकडे, कारण व्हेक्टर उजवीकडे असतो आणि त्याला आधी B भेटतो. f(g(x)) मध्ये आधी g चालतो ना, तसंच. आणि क्रम बदलला तर उत्तर बदलणार हे आता आश्चर्याचं राहायला नको. मघाचा R घे, 90 अंश फिरवणारा, आणि x-अक्षात प्रतिबिंब घेणारा M घे, जो (x, y) चा (x, -y) करतो. (1, 0) ला आधी फिरव, (0, 1) झाला, मग प्रतिबिंब, (0, -1). आता उलट, आधी प्रतिबिंब घे, (1, 0) तो अक्षावरच असल्याने तिथेच राहिला, मग फिरव, (0, 1). एक खाली, एक वर. आपल्या पहिल्या उदाहरणातही BA काढून बघ, 8, 3 आणि खाली 10, 16 येतात, AB शी काहीच साम्य नाही, तो एक 3 सोडला तर, आणि तो योगायोग.

परीक्षेत इथेच मार्क जातात. AX = B सोडवायला सांगितलं की दर वर्षी ढीगभर पेपरांत X = BA⁻¹ लिहिलेलं असतं. A⁻¹ डावीकडूनच लावायला पाहिजे, X = A⁻¹B, कारण X नंतर A चालवलाय, तो काढायचा तर A च्या लगेच नंतर A⁻¹ चालला पाहिजे, आणि "नंतर" म्हणजे डावीकडे. (AB)⁻¹ = B⁻¹A⁻¹ चंही तेच, आधी मोजे घातले मग बूट, काढताना आधी बूट निघणार. तसंच (A+B)² मध्ये 2AB लिहू नकोस, AB + BA असंच ठेवावं लागतं.

आणि दुसरी खोड म्हणजे AB = 0 दिसलं की "म्हणून A = 0 किंवा B = 0" लिहायची. संख्यांमध्ये खरं आहे, इथे नाही. P अशी घे की ती फक्त x ठेवते आणि y शून्य करते, Q अशी की फक्त y ठेवते. आधी Q ने x मारला, मग P ने y मारला, उरलं काय? शून्य. पण P आणि Q दोघीही शून्य नाहीत. म्हणूनच AB = AC वरून B = C म्हणता येत नाही, A ला इन्व्हर्स असेल तरच म्हणता येतं. मॅट्रिक्स माहिती गमावू शकते, आणि गेलेली माहिती परत येत नाही.

आता समोरासमोरचा गुणाकार अगदीच टाकाऊ आहे असंही समजू नकोस. त्याला नाव आहे, हॅडामार्ड गुणाकार, आणि चौकट ही क्रिया नसून नुसता तक्ता असेल तेव्हा तोच बरोबर असतो. एखाद्या फोटोच्या पिक्सेल्सचा तक्ता आहे आणि कुठला पिक्सेल ठेवायचा, कुठला काळा करायचा याचा 1 आणि 0 चा दुसरा तक्ता आहे, तिथे समोरासमोरच गुणायचं, रो-कॉलम केलंस तर फोटोचा चुराडा होईल. म्हणजे आधी स्वतःला विचारायचं की ही मॅट्रिक्स कुणाला कुठे नेतेय का, की फक्त आकड्यांचं कपाट आहे. नेत असेल तर रो-कॉलम.

प्रोग्रॅमिंगमध्ये हे दोन्ही गुणाकार शेजारी शेजारी बसलेले असतात आणि तिथे मुलं हमखास फसतात. पायथनच्या नमपायमध्ये आपलंच उदाहरण:

```python
import numpy as np
A = np.array([[4, 5], [2, -1]])
B = np.array([[1, 2], [3, -1]])
print(A @ B)   # 19 3 / -1 5
print(A * B)   # 4 10 / 6 1
```

`@` म्हणजे रो-कॉलम, `*` म्हणजे समोरासमोर. मॅटलॅबमध्ये मात्र `*` म्हणजे रो-कॉलम आणि `.*` म्हणजे समोरासमोर, त्यामुळे तिकडून इकडे येणारा माणूस पहिल्याच दिवशी आपटतो. वाईट गोष्ट ही की मॅट्रिसेस चौरस आणि सारख्या साइझच्या असतील तर एरर येतच नाही, दोन्ही चालतात, उत्तर गपचूप चुकीचं येतं. माझ्याकडे एकदा एक मुलगी असाच प्रोग्रॅम घेऊन आली होती, आकृती 90 अंशांनी दोनदा फिरवायची होती आणि स्क्रीनवर ती आरशातल्यासारखी उलटी दिसत होती, दोन दिवस ती कोनाच्या चिन्हात चूक शोधत बसली होती. मी `R * R` बघितलं आणि कळलं, वर R चं जे उदाहरण दिलं ते तिच्याच प्रोग्रॅममधून आलंय.

असं झालंय का हे तपासायला एक साधी युक्ती आहे. कुठलाही एक व्हेक्टर घे, शून्य नसलेला, (1, 0) सारखा फार सोपाही नको, (2, 7) वगैरे काहीतरी. आधी B लाव, आलेल्यावर A लाव. मग तुझी गुणलेली मॅट्रिक्स थेट (2, 7) वर लाव. आपल्या उदाहरणात B ने (16, -1) येतो, त्यावर A ने (59, 33), आणि AB ने 38 + 21 = 59, -2 + 35 = 33. जुळलं तर चूक असण्याची शक्यता फार कमी, नाही जुळलं तर नक्की चूक. हातानेही चालतं, परीक्षेत शेवटची दोन मिनिटं उरली असतील तर हेच कर.